ऑनलाइन दुकान विकताना: वर्षाच्या नफ्याच्या किती पट, आणि कोणत्या नफ्याच्या?

प्रश्न: नमस्कार सर. माझं बाळंतविड्याचं ऑनलाइन दुकान आहे. दुपटी, झबली-टोपडी, लाळेरी, गोधड्या. पुण्यातून सहा वर्षं चालवतेय, स्वतःची साइट आहे, मालकी माझ्या एकटीची. गेल्या बारा महिन्यांत जीएसटी वगळून विक्री ६२ लाख आणि नफा ११ लाख ४० हजार. मिस्टरांची बदली झाल्यामुळे विकायचं ठरवलंय. एक गिऱ्हाईक नफ्याच्या दुप्पट देतो म्हणतंय, ओळखीचे एक जण म्हणतात चौपटीच्या खाली देऊ नका. किती मागू? ताळेबंद आणि ऑर्डरींचे तक्ते सोबत जोडलेत.

उत्तर:

ताई, तुमचे कागद दोनदा वाचले. माझा आकडा आधीच सांगून टाकतो: धंद्याचे २६ लाखांच्या आसपास, आणि विकला जाईल अशा मालाचे ५ लाख ६० हजार त्याहून वेगळे. हा आकडा कसा आला ते पायरीपायरीने सांगतो, कारण समोरचा माणूस प्रत्येक पायरीवर तुम्हाला अडवणार आहे आणि तिथे उत्तर तुमच्याकडे तयार हवं.

दुप्पट की चौपट या वादात पडण्याआधी, पट कशाची ते ठरवावं लागतं. ताळेबंदातला नफा हा आयकरासाठी काढलेला असतो. घेणाऱ्याला वेगळंच जाणून घ्यायचं असतं: हे दुकान उद्या माझ्या हातात आलं, मी एकटा मालक म्हणून ते चालवलं, तर वर्षाला माझ्या हाती किती उरेल? धंद्यात याला मालकाची कमाई म्हणतात, दलाल मंडळी ‘एसडीई’ म्हणतात. त्यात मालकाच्या स्वतःच्या मेहनतीचा मोबदला धरलेला असतो, म्हणून मालकाचा पगार त्यातून वजा करत नाहीत. तुमची एकटीची मालकी असल्याने तुम्ही घरखर्चाला उचललेले पैसे खर्चात दिसतच नाहीत, ते भांडवलातून जातात. म्हणजे ११ लाख ४० हजार हा आकडा तुमच्या पगाराआधीचाच आहे. हे लक्षात न घेता लोक उचल पुन्हा नफ्यात मिळवतात, आणि घेणाऱ्याच्या सीएने ते पकडलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

तुमच्या ताळेबंदात असे काही खर्च आहेत जे नव्या मालकाला येणार नाहीत. गाडीच्या कर्जाचं व्याज ५४ हजार, घरच्या सगळ्यांची मोबाइल बिलं आणि एक प्रवास मिळून ४२ हजार, घसारा ३८ हजार, आणि साइट नव्याने बांधून घेतली त्याचे १ लाख २० हजार. साइट दरवर्षी बांधत नाहीत, म्हणून तो खर्च एकदाचाच. हे सगळं परत मिळवलं की नफा १३ लाख ९४ हजार होतो. बहुतेक विकणारे इथे थांबतात आणि हाच आकडा घेऊन बाजारात जातात.

पण जे खर्च तुम्ही करत नाही आणि नव्या मालकाला करावे लागतील, तेही तितक्याच प्रामाणिकपणे वजा करायला हवेत. तुम्ही लिहिलंय की पॅकिंग तुमच्या जाऊबाई करतात आणि त्या पैसे घेत नाहीत. नव्या मालकाला त्यासाठी माणूस ठेवावा लागेल. महिना १२ हजार धरले तरी वर्षाचे १ लाख ४४ हजार. माल तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत असतो. त्याला गाळा किंवा खोली भाड्याने घ्यावी लागेल, महिना ८ हजारांप्रमाणे ९६ हजार. शिवाय ऑर्डरींच्या तक्त्यात एक ओळ बाकीच्यांहून वेगळी दिसते: एका कंपनीने कर्मचाऱ्यांना भेट देण्यासाठी एकदम घेतलेले बाळंतविडे. त्यात तुम्हाला साधारण १ लाख १० हजार सुटले. आधीच्या वर्षांत अशी ऑर्डर नाही, पुढच्या वर्षीची हमी नाही, म्हणून तीही बाहेर काढली. १३ लाख ९४ हजारांतून हे तिन्ही गेले की उरतात १० लाख ४४ हजार. किंमत ठरवताना हाच आकडा धरायचा. मी सुरुवातीला सांगितलेले २६ लाख म्हणजे याची अडीच पट.

प्रदर्शनांतल्या रोखीच्या विक्रीबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचलं. जी विक्री बिलात नाही, ती किमतीत येत नाही. ती गृहीत धरून पैसे मागणं म्हणजे समोरच्याला आपण कर चुकवल्याचं आपणच लेखी सांगणं. तो विषय काढूच नका.

आता त्या गिऱ्हाइकाला एक साधा प्रश्न विचारा: दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? ताळेबंदातल्या ११ लाख ४० हजारांच्या दुप्पट म्हणजे २२ लाख ८० हजार. समजा दुसरा कोणी आला आणि म्हणाला, मी तिप्पट देतो, पण मी स्वतः बसणार नाही, महिना २५ हजारांवर व्यवस्थापक ठेवणार, तेव्हा त्याचा पगार वजा करून उरलेल्याच्या तिप्पट. १० लाख ४४ हजारांतून ३ लाख गेले, ७ लाख ४४ हजारांची तिप्पट झाली २२ लाख ३२ हजार. म्हणजे तिप्पट देणारा हा माणूस दुप्पटवाल्याहून कमी देतोय. कुणी नुसती पट सांगितली की ती कोणत्या नफ्यावर आहे ते कागदावर लिहून मागायचं. परदेशातल्या साइटच्या बाजारांत तर पट महिन्याच्या नफ्यावर सांगतात. तिथे ‘३० पट’ लिहिलेलं दिसलं तर ते वर्षाच्या हिशेबाने अडीच पटच असतं.

मग अडीचच का, चार का नाही? मालक स्वतः चालवतो अशा छोट्या नफ्यातल्या साइटी आणि दुकानं साधारण दोन ते चार पटींत जातात. माल साठवून विकणारी दुकानं त्यात खालच्या बाजूला असतात, कारण पैसा मालात अडकतो आणि काम रोजचं असतं. आपलं दुकान त्यात कुठे बसतं हे ठरवायला मी एकच विचार करतो. पट म्हणजे घेणाऱ्याने लावलेला अंदाज की हा नफा त्याच्याकडे किती काळ टिकेल. अडीच पट दिली आणि नफा जसाच्या तसा राहिला, तर त्याचे पैसे तीस महिन्यांत फिटतात. मुदत ठेवीच्या शेजारी ठेवलं तर हे फारच स्वस्त वाटतं, आणि तुमचे ओळखीचे चार पटींचा आग्रह धरतात तो बहुधा याच तुलनेतून.

पण नफा टिकला नाही तर काय होतं ते बघा. समजा दरवर्षी तो एक चतुर्थांशाने घसरला: पहिल्या वर्षी १० लाख ४४ हजार, मग ७ लाख ८३ हजार, मग ५ लाख ८७ हजार, मग ४ लाख ४० हजार. २६ लाख फिटायला जवळजवळ साडेतीन वर्षं लागतात, तेही मालकाने तेवढी वर्षं फुकट राबून. त्याने स्वतःच्या वेळेचे महिना २५ हजार धरले, तर पहिल्या चार वर्षांत मिळून साडेसोळा लाख हाती येतात आणि पाचव्या वर्षी फक्त ३० हजार. ते २६ लाख कधीच फिटत नाहीत. अडीच पटीत ही स्थिती, मग चार पटीत किती वाईट ते वेगळं सांगायला नको. म्हणून चार पट त्याच दुकानाला मिळते जिथे घसरण होणार नाही असं कागदावर दिसतं. तुमचं दुकान चांगलं आहे, पण दोन गोष्टींमुळे ते तिथे पोचत नाही.

पहिली गोष्ट जाहिरातीची. तुमच्या तक्त्यातली सरासरी एक ऑर्डर घेतो. जीएसटी वगळून १,४७५ रुपये आले. त्यातले ६२० मालाचे आणि शिलाईचे, ६० खोक्याचे आणि कागदाचे, ९५ कुरिअरचे, ३० पैसे स्वीकारणाऱ्या गेटवेचे. आणि २६० रुपये इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीचे, म्हणजे जाहिरातीचा एकूण खर्च भागिले ऑर्डरी. उरले ४१०. वर्षाच्या ४,२०० ऑर्डरींचे १७ लाख २२ हजार, त्यातून पगार, साइटचं भाडं, परत आलेल्या पार्सलांचं नुकसान वगैरे ५ लाख ८२ हजार गेले की तुमचे ११ लाख ४० हजार.

आता आदल्या वर्षाचा तक्ता शेजारी ठेवा. ऑर्डरी ३,३०० होत्या आणि जाहिरातीचा खर्च ऑर्डरीमागे १८० रुपये. वर्षभरात ऑर्डरी चांगल्या वाढल्या, तुमची धावपळ वाढली, नफा मात्र जवळपास तिथेच. वाढलेल्या ऑर्डरींमधून मिळालं ते बहुतेक जाहिरातीत आणि वाढलेल्या पगारांत गेलं. जाणता घेणारा हे पाच मिनिटांत पकडेल. तो म्हणेल, शेवटच्या तीन महिन्यांत तर हा खर्च ३०० झालाय, मी ३०० च धरणार. ४० रुपये दिसायला किरकोळ, पण ४,२०० ऑर्डरींवर ते १ लाख ६८ हजार होतात, आणि अडीच पटीने तुमच्या किमतीतून ४ लाख २० हजार जातात.

इथे तुम्ही गप्प बसू नका, कारण तुमच्याकडे उत्तर आहे. शेवटचे तीन महिने दिवाळीच्या आसपासचे आहेत आणि तेव्हा सगळेच जाहिराती करतात, दर चढतात. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत तुमचा खर्च ऑर्डरीमागे २१० होता, म्हणजे तेव्हाही वर्षाच्या सरासरीहून वरच. २१० चे ३०० आणि १८० चे २६०, ही वाढ जवळजवळ एकाच प्रमाणात आहे. खर्च एकदा एक पायरी चढलाय, महिन्यागणिक चढत चाललेला नाही. तेव्हा वर्षाचा नफा २६० धरूनच मोजायचा. हंगामी धंद्यात तिमाहीची तुलना आधीच्या तिमाहीशी करायची नसते, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची असते. आणि याच कारणासाठी मी पूर्ण बारा महिने धरतो. चांगले सहा महिने घेऊन त्याची दुप्पट करून दाखवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

जाहिरातीचं ओझं तुमच्या धंद्यात जास्त का जाणवतं, याचं कारण मालातच आहे. बाळ मोठं होतं आणि गिऱ्हाईक निघून जातं. मसाल्याच्या दुकानाला तेच गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनी येतं, तुम्हाला दरवर्षी नव्या आया शोधाव्या लागतात. पण तुमच्या तक्त्यात पाठवायचा पत्ता आणि बिलाचा पत्ता वेगळा असलेल्या ऑर्डरी बऱ्याच आहेत. ती आत्या, मावशी, ऑफिसातल्या मैत्रिणी अशी भेट देणारी मंडळी, आणि त्यांच्यातले काही पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. अशा ऑर्डरी वेगळ्या काढून त्यांचा एक स्वतंत्र तक्ता करा. जाहिरातीशिवाय परत येणारं गिऱ्हाईक किती, हे आकड्यात दाखवता आलं तर पट वर सरकते.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः. गोधड्या आणि दुपटी शिवणाऱ्या दोन बचत गटांशी तुमचं सगळं तोंडी चालतं. ‘ताईंनी सांगितलं ना, मग होईल’ यावर सहा वर्षं माल वेळेवर आला, हे तुमचं कौतुक आहे. पण घेणाऱ्याला ताई मिळणार नाहीत, गट मिळायला हवा. शिवाय चौकशीचे मेसेज तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप नंबरवर येतात. मी एका व्यवहारात घेणाऱ्याच्या बाजूने बसलो होतो, तिथे अगदी हेच झालं. डोमेन दिलं, साइट दिली, नंबर मात्र विकणाऱ्या बाईंचा स्वतःचा म्हणून राहिला. पुढचे कित्येक महिने जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर लिहीत राहिली, बाई बिचाऱ्या शक्य तितके मेसेज पुढे पाठवत राहिल्या, आणि तरी ऑर्डरी निसटल्या. वाद झाला, शेवटचा हप्ता अडकला. चूक कोणाची नव्हती, व्यवहार लिहिताना नंबर कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

म्हणून विकण्याआधी तीन महिने काढता आले तर काढा. धंद्यासाठी वेगळं सिम घेऊन चौकशी तिकडे वळवा. दोन्ही गटांशी नगाचा दर, मुदत आणि बिघडलेल्या मालाचं काय करायचं एवढं एका पानावर लिहून सह्या घ्या. त्यात ‘दुकानाचा मालक बदलला तरी हाच दर’ असं वाक्य घाला. पॅकिंगला पगारी माणूस आत्ताच ठेवा. मग सलग पंधरा दिवस दुकानाकडे बघू नका आणि काय अडतं ते लिहून काढा. जे अडेल तेच घेणाऱ्यालाही अडणार आहे. या तीन महिन्यांचे आकडे जागेवर राहिले तर मी पावणेतीन ते तीन पट मागायला सांगेन, म्हणजे २९ ते ३१ लाख. बदलीची तारीख जवळ असेल आणि हे जमणार नसेल, तर तीन पट मागा, अडीचवर या, आणि सव्वादोनच्या खाली म्हणजे साडेतेवीस लाखांखाली उतरू नका.

मालाचं वेगळं. तुमच्या वहीत ७ लाख २० हजारांचा माल आहे. त्यातला १ लाख ६० हजारांचा दोन वर्षांपूर्वीच्या छापाचा आणि मोठ्या मापांचा आहे आणि तो हलत नाही, हे विक्रीच्या तक्त्यावरून दिसतंच. त्याचे पैसे मागू नका. तो आत्ताच सवलतीत काढून टाका. उरलेल्याची किंमत खरेदीच्या दराने, ताब्याच्या दिवशी मोजून. करारात आजचा आकडा घालू नका, ‘ताब्याच्या दिवशीची मोजणी’ असं लिहा, नाहीतर मधल्या काळात विकलेल्या मालावरून कटकट होते.

आकडे पटवून देताना ताळेबंद पुरत नाही. बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, गेटवेकडून जमा झालेल्या रकमा, कुरिअर कंपनीने घरपोच रोखीचे परत केलेले पैसे आणि जीएसटीआर-३बी, हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. साइटवर दिसणारी विक्री यांच्याहून नेहमी मोठी असते, कारण तिच्यात घेतलीच नाही अशी परत आलेली पार्सलंही मोजली जातात. फरक किती आणि का, याचं एक पान तुम्हीच आधी करून ठेवा. समोरच्याला साइटचा आणि जाहिरात खात्याचा फक्त बघण्यापुरता प्रवेश द्या. गिऱ्हाइकांचे फोन नंबर करार होईपर्यंत दाखवायचे नाहीत.

पैसे एकदम मिळाले तर उत्तमच, पण घेणारा बहुधा थोडे मागे ठेवील. ताब्याच्या दिवशी तीन चतुर्थांश आणि उरलेले सहा महिन्यांनी, एवढं मला रास्त वाटतं. मात्र मागे ठेवलेली रक्कम नफ्याला बांधू देऊ नका. पुढे जाहिरात किती करायची, दर काय ठेवायचा हे त्याच्या हातात असणार. नफा कमी दाखवणं त्याला सोपं आहे. ती रक्कम तुमच्या हातातल्या गोष्टींना बांधा: दोन्ही गटांची ओळख करून दिली, डोमेन, इन्स्टाग्राम पान, जाहिरात खातं आणि धंद्याचा नंबर त्याच्या नावे झाला, आणि ठरलेले तीन महिने तुम्ही आठवड्याला ठरावीक तास फोनवर मदत केली. एवढं झालं की हप्ता देय.

एक गोष्ट मात्र ताब्याआधीच उरकायला सांगा. तुमचा जीएसटी नंबर तुमच्या पॅनवर आहे, तो त्याला मिळत नाही, आणि गेटवेचं खातंही तुमच्याच नावाचं. त्याने स्वतःचा जीएसटी नंबर आणि गेटवे खातं आधी मंजूर करून घेतलं नाही, तर ताब्यानंतर साइट चालू पण पैसे घ्यायची सोय बंद, असे दिवस जातात आणि त्या काळातली जाहिरात वाया जाते. धंदा जसाच्या तसा पूर्ण विकायचा की डोमेन, ब्रँड, माल असं सुटंसुटं, यावर तुमचा आयकर आणि जीएसटी दोन्ही बदलतात. चालू धंदा अखंड दिला तर मालावरचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून त्याच्याकडे वळवता येतं. हा भाग तुमच्या सीएंना कराराचा मसुदा होण्याआधी दाखवा, सही झाल्यावर नको.